ईसीबीसीचा एन्व्हलप रिपोर्ट पहिल्यांदा करताय? गृहीतकांच्या पानापासून सुरू करा

सांगली-मिरज भागात आता हॉस्पिटलं, शोरूम, मोठी ऑफिसं चांगलीच वाढायला लागलीत आणि त्यातल्या बऱ्याच बिल्डिंगांचा कनेक्टेड लोड १०० किलोवॅटच्या वर जातो. लोड १०० किलोवॅट किंवा कॉन्ट्रॅक्ट डिमांड १२० केव्हीए झाली की ती बिल्डिंग ईसीबीसीत बसते, म्हणजे ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत, आणि मग आर्किटेक्टच्या ऑफिसातल्या सगळ्यात ज्युनिअर माणसाला सांगितलं जातं की 'तेवढा एन्व्हलपचा रिपोर्ट करून टाक'. हा लेख त्या ज्युनिअर माणसासाठी.

एन्व्हलप म्हणजे बिल्डिंगचं बाहेरचं कवच: भिंत, स्लॅब, काच आणि त्यांच्यामधल्या फटी. रिपोर्टात सिद्ध करायचं एवढंच की या कवचातून उष्णता कोडनं ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आत येत नाही. गणित दहावीचं आहे, खरंच. अडतं ते गृहीतकांत, म्हणजे कुठली काच धरली, इन्सुलेशनचा के किती धरला, हवेची गळती किती धरली आणि हे आकडे आणले कुठून. रिपोर्ट परत येतो तो बहुतेक वेळा इथेच, म्हणून मी नेहमी गृहीतकांचं पान आधी करतो आणि निकालाचा तक्ता शेवटी.

एक काल्पनिक केस घेऊन पूर्ण करू. सांगली-मिरज रोडला तळमजला अधिक तीन असं हॉस्पिटल धरा, प्लॅन ३६ मीटर बाय २० मीटर, मजल्याची उंची ३.६ मीटर, भिंती २०० मिलिमीटर एएसी ब्लॉकच्या, खिडक्या अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग.

पायरी १: मर्यादा कुठल्या ते लिहून काढा

सगळ्यात आधी नगररचना विभागाला लेखी विचारा की कोडची कुठली आवृत्ती धरायची. ईसीबीसी २००७ ची आहे, २०१७ ची आहे आणि बीईईनं, म्हणजे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीनं, २०२४ मध्ये नवीन संहिता पण काढलीय. तोंडी उत्तरावर काम सुरू करू नका, कारण आवृत्ती बदलली की तक्ते बदलतात. मी इथं २०१७ ची धरतो आणि सगळ्यात सोपा रस्ता घेतो, प्रिस्क्रिप्टिव्ह, म्हणजे भिंत, छत, काच प्रत्येकानं आपापली मर्यादा पाळायची.

मग प्रश्न येतो क्लायमेट झोनचा. नवीन मुलं इथं फार वेळ घालवतात, सांगली हॉट-ड्राय का वॉर्म-ह्युमिड, सातारा टेंपरेटमध्ये येतं का, वगैरे. कोडच्या नकाशावर आणि गावांच्या यादीत बघा, जे निघेल ते त्या पानाच्या हवाल्यासकट लिहा आणि पुढं चला, कारण कंपोझिट, हॉट-ड्राय आणि वॉर्म-ह्युमिड या तिन्ही झोनमध्ये आपल्याला लागणाऱ्या मर्यादा एकच आहेत, फक्त टेंपरेट निघालं तर भिंतीला थोडी सूट मिळते. आपल्या हॉस्पिटलसाठी यू-व्हॅल्यूच्या मर्यादा अशा: छत ०.३३, भिंत ०.४० (टेंपरेटमध्ये ०.५५), खिडकी ३.०. एकक सगळीकडे वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन, पुढं नुसता आकडा लिहितो. यू-व्हॅल्यू जेवढी कमी तेवढी उष्णता कमी आत.

काचेला अजून दोन मर्यादा आहेत. एसएचजीसी, म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते, ती ०.२७ च्या आत पाहिजे. आणि व्हीएलटी, म्हणजे किती उजेड आत येतो, तो किमान ०.२७. उत्तरेच्या काचेला एसएचजीसी ०.५० पर्यंत चालतो, पण ही सूट १५ अंश अक्षांश आणि त्याच्या वरच्या गावांनाच आहे. सांगली १७ अंशाच्या जरा खाली, सातारा जरा वर, त्यामुळं आपल्याला दोन्हीकडे ती मिळते. ही ओळ रिपोर्टात अक्षांशासकट लिहा, नाहीतर तपासणारा उत्तरेची काच बघून शेरा मारतो.

काचेचं एकूण प्रमाण पण बघायचं, ४० टक्क्यांच्या आत. आपल्या बिल्डिंगचा घेर ११२ मीटर, उंची १४.४, म्हणजे बाहेरची भिंत खिडक्या धरून साधारण १६१३ चौरस मीटर. १७० खिडक्या १.८ चौरस मीटरच्या आणि पुढं ६० चौरस मीटरचं ग्लेझिंग, मिळून ३६६. भागिले १६१३, आले २३ टक्के. झालं, हा विषय संपला.

पायरी २: भिंत, आणि इथं घाई नको

भिंतीच्या प्रत्येक थराचा रोध काढायचा, जाडी मीटरमध्ये भागिले के. के म्हणजे त्या मटेरिअलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता. सगळे रोध जोडायचे, आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या पातळ थराचे ०.१३ आणि ०.०४ त्यात मिळवायचे, आणि एक भागिले ती बेरीज म्हणजे यू. एएसीचा के ०.१८४ धरला आणि प्लास्टरचा ०.७२, तर:

```
air films     0.13 + 0.04   = 0.170
plaster out   0.015 / 0.72  = 0.021
AAC           0.200 / 0.184 = 1.087
plaster in    0.012 / 0.72  = 0.017
R = 1.295     U = 1 / 1.295 = 0.77
```

म्हणजे नुसता एएसी ब्लॉक पास होत नाही, जवळजवळ दुप्पट आहे. 'एएसी वापरलाय म्हणजे इन्सुलेशन झालंच की' हे वाक्य साइटवर रोज ऐकाल. आपल्याकडच्या नऊ इंची लाल विटेच्या भिंतीचा यू दोनच्या आसपास येतो, त्या मानानं एएसी कितीतरी बरा, पण ०.४० फार लांब आहे.

०.४० साठी एकूण रोध २.५ पाहिजे, १.२ कमी पडतोय. एक्सपीएस बोर्ड के ०.०३२ चा, ४० मिलिमीटर लावला तर १.२५ मिळतो, यू आला ०.३९. पास! बरेच रिपोर्ट इथंच थांबतात आणि तिथंच दोन घोळ राहतात.

पहिला घोळ के चा. ०.०३२ हा आकडा कुठून आला? एका कंपनीच्या ब्रोशरमधून. साइटवर पर्चेसवाला दुसऱ्या कंपनीचा बोर्ड आणतो, त्याच्या टेस्ट रिपोर्टात ०.०३५ असतं. फरक किरकोळ वाटतो, पण ४० मिलिमीटरला यू होतो ०.४१ आणि भिंत फेल. आणखी एक गोष्ट बघा, टेस्ट कुठल्या सरासरी तापमानाला केलीय ते. इन्सुलेशनचा के तापमान वाढलं की वाढतो, त्यामुळं १० अंशाला मोजलेला आकडा दिसायला छान असतो आणि आपल्याकडं एप्रिलमध्ये पश्चिमेची भिंत काय १० अंशाला नसते. टेस्ट रिपोर्टात 'मीन टेंपरेचर' ही ओळ शोधा, २४ किंवा त्याच्या वरचं असेल तर घ्या, ब्रोशर रिपोर्टाला जोडू नका.

दुसरा घोळ आरसीसीचा, आणि हा मोठा. भिंत म्हणजे सगळा ब्लॉक नसतो, मध्ये कॉलम आहेत, बीम आहेत, लिंटल आहेत. हॉस्पिटलच्या फ्रेम स्ट्रक्चरमध्ये एलेव्हेशनवर मोजलं तर खिडक्या सोडून उरलेल्या भिंतीत साधारण पाचवा हिस्सा आरसीसी भरतो. आरसीसीचा के १.५८, म्हणजे २०० मिलिमीटरचा उघडा बीम दोन्हीकडच्या प्लास्टरसकट यू ३ च्या जवळ. आता इन्सुलेशन आतून लावलं आणि कॉलम-बीमवर सोडून दिलं तर काय होतं बघा:

```
0.80 x 0.393 + 0.20 x 2.99 = 0.91
```

०.३९ चं ०.९१ झालं. एवढा खर्च करून भिंत नुसत्या एएसीच्या ०.७७ पेक्षा सुद्धा वाईट दिसतेय असं वाटेल, पण तसं नाही, नुसत्या भिंतीत पण बीम होतेच, ते आपण मोजले नव्हते एवढंच.

म्हणून इन्सुलेशन बाहेरून, सलग, बीम-कॉलम सगळं झाकून. तरीसुद्धा आरसीसीच्या पट्ट्यात रोध कमीच राहतो, तो सरासरीत धरायचा. के ०.०३५ धरून तीन जाड्या करून बघितल्या तर:

```
40 mm : 0.80 x 0.410 + 0.20 x 0.677 = 0.46
50 mm : 0.80 x 0.367 + 0.20 x 0.567 = 0.41
60 mm : 0.80 x 0.332 + 0.20 x 0.488 = 0.36
```

६० मिलिमीटर घ्या. ५० ला 'जवळपास' बसतंय म्हणून राऊंड करून ०.४० लिहू नका, तपासणाऱ्याकडं पण एक्सेल असतं. ०.०३२ वाला बोर्ड नक्की मिळणार असेल तर ५० चालतो, ०.३९ येतो, पण मग तो बोर्ड टेंडरमध्ये नावानं आणि टेस्ट रिपोर्टासकट बांधून घ्यावा लागतो. मला विचाराल तर १० मिलिमीटर जास्त टाकणं त्या भांडणापेक्षा स्वस्त पडतं.

रिपोर्टात भिंतीचा सेक्शन काढून दाखवा, बीमच्या जागेवरचा. ब्लॉकच्या जागेवरचा सेक्शन सगळे काढतात, त्यात काही कळत नाही.

सांगलीसाठी एक खास गोष्ट. कृष्णेचं पाणी २००५ ला, २०१९ ला, २०२१ ला कुठपर्यंत आलं ते गावाला माहितीय. तुमचा प्लॉट पूररेषेच्या आसपास असेल तर तळमजल्याच्या भिंतीत ग्लासवूल किंवा रॉकवूल धरू नका. ओलं झालेलं वूल रोध घालवतं आणि वाळायचं नाव घेत नाही, प्लास्टरच्या मागं असेल तर बघणार कोण. तिथं बंद पेशींचा एक्सपीएस बरा, आणि गृहीतकांच्या पानावर कारण लिहा. आग हा प्रश्न वेगळा आहे, हॉस्पिटलला बाहेरून फोम लावताना फायर कन्सल्टंटची सही आधी घ्या आणि मग जाडी ठरवा. त्यांनी मटेरिअल बदललं तर के बदलतो आणि सगळं गणित परत.

पायरी ३: छत

पद्धत तीच. १५० चा स्लॅब, खालचं प्लास्टर, वर ५० मिलिमीटर स्क्रीड, आणि हवेच्या थरांचे रोध छताला वेगळे, उष्णता वरून खाली येते म्हणून आत ०.१७ धरायचा. सगळं मिळून जेमतेम ०.३९ होतो आणि लागतो ३.०३. म्हणजे ०.०३५ च्या बोर्डाला ९२ मिलिमीटर, बाजारात १०० घ्या, किंवा ५० चे दोन थर सांधे चुकवून, जे जास्त चांगलं.

वरचा पृष्ठभाग पण विसरू नका. सोलर पॅनेलनं किंवा मशिनरीनं न झाकलेलं सपाट छत कूल रूफ पाहिजे, परावर्तन किमान ०.६० आणि एमिटन्स, म्हणजे तापल्यावर उष्णता परत बाहेर टाकण्याची क्षमता, किमान ०.९०. पांढरा चायना मोझॅक किंवा कोटिंग, जे काय असेल त्याचा टेस्ट रिपोर्ट. 'पांढरा आहे' हे पुरत नाही.

पायरी ४: काच म्हणजे नुसती काच नव्हे

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथं फसतो. काच कंपनी एक डेटा शीट देते, त्यावर यू १.८, एसएचजीसी ०.२६, व्हीएलटी ०.४० असं काहीतरी असतं आणि आपण खूश होतो, मर्यादा ३.० आहे आणि आपल्याकडं १.८. पण तो १.८ काचेच्या मधोमध मोजलेला असतो. कोडला पाहिजे पूर्ण खिडकीचा यू, फ्रेम आणि शटर धरून, आयएसओ १५०९९ प्रमाणे, मान्यताप्राप्त लॅबकडनं. खिडकीचं रेटिंग नसेल तर कोडच्या परिशिष्टातली डिफॉल्ट मूल्यं घ्यावी लागतात आणि ती मुद्दाम वाईट ठेवलेली आहेत.

रेटिंग मागवायच्या आधी हातानं अंदाज काढून बघा. खिडकी १.२ बाय १.५, दोन शटरची स्लायडिंग, अॅल्युमिनियम प्रोफाइल ६० मिलिमीटरचं आणि मध्ये एक उभी पट्टी. काच उरते १.४०७ चौरस मीटर, फ्रेम ०.३९३, म्हणजे २२ टक्के फ्रेम. साध्या अॅल्युमिनियमचा यू साधारण ६ धरा. शिवाय डीजीयूच्या, म्हणजे दुहेरी काचेच्या युनिटच्या, कडेला दोन काचांमधला जो अॅल्युमिनियमचा स्पेसर असतो त्यातून पण उष्णता येते, त्याला मीटरमागं ०.०८ धरलंय, कडेची लांबी ७.५६ मीटर.

```
glass  1.407 x 1.8  = 2.533
frame  0.393 x 6.0  = 2.358
edge   7.56  x 0.08 = 0.605
U = 5.496 / 1.8 = 3.05
```

१.८ ची काच घेऊन खिडकी ३.०५ वर फेल. फॅब्रिकेटरच्या शॉपमध्ये हे सांगितलं की हमखास ऐकू येतं, "साहेब, काच तर तुम्ही सांगितलेलीच हाय की, फ्रेमचं काय एवढं?" त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला बीओक्यूत फक्त काचेचं स्पेसिफिकेशन दिलेलं असतं. तिथं पडलेला प्रोफाइलचा कापलेला तुकडा उचलून बघा. आतला भाग आणि बाहेरचा भाग यांच्यामध्ये काळी किंवा गडद प्लॅस्टिकची पट्टी असेल तर तो थर्मल ब्रेक. सलग अॅल्युमिनियम दिसलं तर ब्रेक नाही, कोटेशनमध्ये काहीही लिहिलेलं असू दे.

मार्ग तीन आहेत. थर्मल ब्रेकवाली किंवा यूपीव्हीसी फ्रेम घ्या, फ्रेमचा यू २ धरला तर खिडकी २.२ च्या आसपास येते, यूपीव्हीसीचं प्रोफाइल रुंद असतं म्हणून थोडी वर सरकेल पण आरामात पास. किंवा अजून चांगली काच घ्या, पण तो महाग रस्ता आहे, कारण दोष काचेत नाहीच. किंवा जिथं उघडायची गरज नाही तिथं मधली पट्टी काढून एकच फिक्स काच ठेवा. त्याच काचेत, त्याच प्रोफाइलमध्ये ती २.७४ येते, रुपया जास्त न घालता. एसी कॉरिडॉरच्या खिडक्यांना हे जमतं, वॉर्डला नाही.

शीट वाचताना दोन गोष्टी तपासा. एक, यू ०.३२ असं दिसलं तर हुरळू नका, तो अमेरिकन एककात असतो, ५.६८ नं गुणा, १.८ येईल. दोन, शीटवर एससी लिहिलंय का एसएचजीसी. एससी म्हणजे शेडिंग कोइफिशियंट, त्याला ०.८७ नं गुणलं की एसएचजीसी मिळतो. एससीलाच एसएचजीसी समजलं की चांगली काच उगाच नाकारली जाते. गडद रिफ्लेक्टिव्ह काच लावून एसएचजीसी खाली आणायची सवय आपल्याकडं फार, पण तिथं व्हीएलटी ०.२७ च्या खाली घसरतो आणि मग दिवसा ट्यूबलाइट.

लो-ई कोटिंग, म्हणजे काचेवरचा उष्णता अडवणारा पातळ थर, कुठल्या पृष्ठभागावर ते गृहीतकात लिहा. बाहेरून आत मोजत चार पृष्ठभाग असतात, उन्हाच्या भागात कोटिंग दुसऱ्यावर पाहिजे. डीजीयू उलटं बसवलं तर ते तिसऱ्यावर जातं, यू तोच राहतो पण एसएचजीसी वाढतो. साइटवर तपासणं सोपं आहे. काचेसमोर लायटर किंवा मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, चार प्रतिबिंबं दिसतात आणि त्यातलं एक वेगळ्या रंगाचं असतं. बाहेर उभं राहून जवळून दुसरं प्रतिबिंब वेगळं दिसलं तर बरोबर, तिसरं दिसलं तर काच फिरवायला सांगा. सीलंट भरायच्या आधी बघितलं तर फिरवतात, नंतर कोणी फिरवत नाही.

छज्जाचा फायदा घ्यायचा असेल तर प्रोजेक्शन फॅक्टर काढा, म्हणजे छज्जाची खोली भागिले खिडकीच्या तळापासून छज्जाच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची. १.५ मीटरच्या खिडकीवर अगदी लगेच ४५० मिलिमीटरचा छज्जा असेल तर ०.३०. पण ड्रॉइंगमधली फिनिश उंची धरा, आणि बाहेरून ६० मिलिमीटर इन्सुलेशन चढवलंय तेवढा छज्जा आखूड झाला हे विसरू नका, ३९० उरला, फॅक्टर ०.२६. फायदा ०.२५ पासून पुढंच मिळतो, आधी त्या काठावर असलेला छज्जा यात खाली जातो.

पायरी ५: हवेची गळती

या भागात बहुतेक रिपोर्ट '०.५ एसीएच धरले' एवढं लिहून मोकळे होतात. एसीएच म्हणजे तासाला किती वेळा खोलीतली हवा बदलते. पण कुठल्या दाबाला? ते लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खिडकीच्या टेस्टमध्ये दाब देऊन गळती मोजतात, चौरस मीटरमागं सेकंदाला किती लिटर. २००७ च्या ईसीबीसीत त्याची मर्यादा लिहिलेली होती, काचेच्या झुलत्या आणि फिरत्या प्रवेशदारांना ५ आणि बाकीच्या खिडक्या-दारांना २. पूर्ण बिल्डिंगची ब्लोअर डोअर टेस्ट ५० पास्कलला होते. हे दोन्ही आकडे मुद्दाम दिलेल्या दाबाचे, रोजच्या वाऱ्याचे नाहीत. एसीच्या लोडसाठी किंवा सिम्युलेशनसाठी रोजचा आकडा लागतो. ढोबळ नियम असा की ५० पास्कलचा आकडा २० नं भागा. हा नियम छोट्या घरांवरून आलाय, चार मजली हॉस्पिटलला तो अंदाजच समजा आणि तसं लिहा.

फरक किती पडतो ते बघा. आपल्या बिल्डिंगचं आकारमान १०,३६८ घनमीटर. ५० पास्कलला ६ एसीएच धरले तर रोजचे ०.३. बाहेर ३८, आत २६:

```
Q = 1.2 x (0.3 x 10368 / 3600) x 12 = 12.4 kW
```

म्हणजे साधारण साडेतीन टन एसी. आणि ६ हाच आकडा चुकून थेट टाकला तर २४९ किलोवॅट, सत्तर टन. लोड शीटवर इन्फिल्ट्रेशन भिंतीपेक्षा कितीतरी मोठं दिसायला लागलं तर हाच घोळ झालाय समजा. पावसाळ्यात दमट हवेचा लोड याच्यावर वेगळा, तो वरच्या गणितात नाही.

प्रिस्क्रिप्टिव्ह रस्त्याला २०१७ चा कोड मुख्यतः सीलिंग मागतो: खिडकी-दाराच्या चौकटीभोवतीचे सांधे, भिंत आणि छताचा सांधा, पाइप-केबल जिथून आत येतात ती भोकं, एक्झॉस्ट फॅनला आपोआप बंद होणारा डॅम्पर. नैसर्गिक वायुविजनाच्या जागांना यातून सूट आहे, म्हणून कुठला वॉर्ड एसी आणि कुठला नाही ते प्लॅनवर रंगवून द्या. हॉस्पिटलमध्ये मेडिकल गॅसचे पाइप, एसीचे कॉपर पाइप, नंतर आलेले सीसीटीव्हीचे वायर, सगळे भिंतीत भोक पाडून जातात आणि भोक तसंच राहतं.

स्लायडिंगला गळती जास्त, कारण शटर सरकायला जागा लागते आणि ती जागा फक्त ब्रशनं बंद केलेली असते. आपल्याकडं मच्छरजाळीसाठी थ्री ट्रॅक घेतात, तिथं दोन शटर जिथं एकमेकांवर येतात तो सांधा बघा. खिडकी बंद करून त्या सांध्यापाशी अगरबत्ती धरा आणि एक्झॉस्ट फॅन चालू करा. धूर आत ढकलला गेला तर ब्रश दबलाय किंवा बसवलाच नाही. आकडा मिळत नाही यातून, पण कुठली खिडकी परत पाठवायची ते कळतं. बाहेर उघडणाऱ्या, रबरी गॅस्केट असलेल्या खिडकीला ही कटकट बरीच कमी.

पायरी ६: आता ते पान लिहा

प्रत्येक गृहीतकाला चार गोष्टी: काय धरलं, किती धरलं, कुठून आलं, साइटवर कसं तपासायचं. आपल्या केसमधल्या ओळी अशा होतील:

बाहेरची भिंत. एक्सपीएस ६० मिलिमीटर, बाहेरून सलग, कॉलम-बीम झाकून. के ०.०३५, २४ अंश सरासरी तापमानाचा टेस्ट रिपोर्ट जोडला. आरसीसीचं क्षेत्र एलेव्हेशनवरून मोजून २० टक्के. सरासरी यू ०.३६. तपासणी: बोर्डाच्या गठ्ठ्यावरचं लेबल आणि कापलेल्या कडेवर टेपनं जाडी, दोन्हीचा फोटो, प्लास्टर चढायच्या आधी.

खिडकी. डीजीयू ६-१२-६, लो-ई दुसऱ्या पृष्ठभागावर, थर्मल ब्रेक अॅल्युमिनियम. पूर्ण खिडकीचा यू लॅबच्या दाखल्याप्रमाणे. तपासणी: प्रोफाइलचा कापलेला तुकडा आणि टॉर्च.

गळती. ५० पास्कलला ६ एसीएच हे गृहीतक, मोजलेलं नाही. रोजचे ०.३, २० नं भागून. तपासणी: सीलिंगची यादी, मजल्याप्रमाणे सही.

'मोजलेलं नाही' हे शब्द लिहायला लाजू नका. न मोजलेला आकडा मोजल्यासारखा लिहिला की पुढं कोणीतरी ब्लोअर डोअर लावतो आणि सहीखाली तुमचं नाव असतं.

एखादी गोष्ट थोडक्यात फेल झाली, समजा भिंत ०.४१ आणि मालक जाडी वाढवायला तयारच नाही, तर कोडमध्ये एन्व्हलप ट्रेड-ऑफचा रस्ता आहे. छत किंवा काच चांगली करून भिंतीची कमतरता भरून काढता येते. मात्र मग प्रत्येक भागाचं गणित एकत्र बांधलं जातं, नंतर काच बदलली की भिंत पण फेल. पहिल्या रिपोर्टला हा रस्ता टाळा.

रिपोर्ट मंजूर झाल्यावर त्या पानाची प्रत पर्चेसवाल्याला आणि साइट इंजिनिअरला द्या, पूर्ण फाइल नको, ती कोणी उघडत नाही. खाली एक ओळ टाका की यातलं काहीही बदलायचं असेल तर ऑर्डर द्यायच्या आधी फोन करायचा. बदल आलाच तर नवीन के किंवा नवीन यू घालून त्याच दिवशी गणित परत करा, तारीख टाकून सुधारित पान काढा आणि जुनं पान फाइलमध्ये तसंच ठेवा, त्यावर रद्द लिहून.